हळदीच्या दुधावरचा संशय

माझ्या सुनेवर मी जवळजवळ तीन आठवडे संशय घेतला. त्या तीन आठवड्यांत माझी संध्या चुकली नाही, नित्याचा पाठ चुकला नाही, आणि देवापुढे बसलो असताना माझे कान स्वयंपाकघरात काय हलते आहे इकडे लागलेले असत. ही गोष्ट मी आता लिहितो आहे, कारण ज्यांनी ती ऐकली त्यांतल्या काहींनी सुनेलाच दोष दिला, आणि तो दुरुस्त करणे माझ्यावाचून कोणाला शक्य नाही.

आमचे घर गढ्यात, हिंदी मुलखातल्या एका शहराच्या जुन्या वस्तीत. मी एका शासकीय शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो. मुलगा संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला. सून पनागरची, हिंदी घरातली. लग्नाला अकरा वर्षे झाली, तरी मराठी बोलताना तिचे वाक्य मध्येच हिंदीत उतरे आणि मला ते खटके. माझ्या पत्नीला मात्र त्यात गोडी वाटे. दोघी एकमेकींशी जी भाषा बोलत ती मी कोणत्याही व्याकरणात बसवू शकलो नसतो.

मार्गशीर्षात पत्नी नदीवर, ग्वारीघाटाच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि कमरेचा एक मणका दबला. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, झोपून राहायला सांगितले आणि दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल व पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी लिहून दिली: सकाळी एक, सायंकाळी एक, फारच दुखले तर दुपारी एक. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी विचारले, "और कोई दवाई चलती है इनकी?"

मी म्हणालो, "नाही."

हे असत्य होते. तिची धाकटी बहीण गेल्यापासून माझी पत्नी फार उदास झाली होती. जेवण सुटले होते, दिवसचे दिवस ती भिंतीकडे तोंड करून बसे. तिला मी मनाच्या डॉक्टरांकडे नेले होते आणि दोन वर्षांपासून ती रोज सकाळी पॅरॉक्सेटीन नावाची एक गोळी घेत होती. त्या गोळीने तिला बरे वाटू लागले होते. पण ही गोष्ट मी मुलाला सांगितली नव्हती, सुनेला तर नाहीच. विचारलेच तर "शक्तीची गोळी" म्हणत असे. ती गोळी मी गढ्यातल्या दुकानातून कधी घेतली नाही. त्यासाठी शहराच्या दुसऱ्या भागात, सदरपर्यंत जात असे, जिथे मला कोणी गुरुजी म्हणून ओळखत नव्हते.

लाजेखेरीज आणखी एक कारण होते, आणि ते मला त्या वेळी कारण न वाटता धर्म वाटत होता. ज्या पाठशाळेत मी लहानपणी शिकलो, तिथे एका गुरूपुढे दुसऱ्या गुरूचा पाठ काढायचा नाही असा दंडक होता. काढला तर तो समोरच्या गुरूवर अविश्वास. वैद्यालाही मी त्याच आसनावर बसवले होते. एका डॉक्टरांच्या टेबलावर दुसऱ्यांची चिठ्ठी ठेवणे म्हणजे तुमच्यावर माझा भरवसा नाही असे तोंडावर सांगणे, अशी माझी समजूत. म्हणून दोघांच्या चिठ्ठ्या मी दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवी. कमरेच्या दुखण्याने पत्नीला झोप येईना, तेव्हा मी गढ्यातल्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी झोपेची गोळी दिली, झोल्पिडेम, फक्त दहा दिवसांसाठी. त्यांनीही विचारले. त्यांनाही मी नाही म्हणालो, आणि तिसरी पिशवी केली. दहा दिवसांनंतर ती गोळी बंद करायची हे मला आठवत होते. पण पत्नीला झोप लागत होती, आणि तिची झोप मोडायला मन घेईना.

गोळ्या मी पाकिटातून सोडवून घेत असे. थरथरत्या बोटांनी रोज पत्रा फाडण्यापेक्षा आठवड्याच्या एकदम काढून पितळी चौफुल्याच्या खणांत ठेवाव्यात हे मला सोयीचे वाटे, आणि औषध धातूच्या पात्रात असावे हे उचितही. रिकामे पत्रे केराच्या टोपलीत जात. देवापुढे चौफुला उघडायचा, नाम घ्यायचे आणि तुळशीच्या पानासह गोळी पत्नीच्या हातावर ठेवायची. हे काम मी कोणालाही करू दिले नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून पत्नी बदलू लागली. सकाळी नऊ वाजले तरी तिचे डोळे उघडत नसत. हाक मारली तर ती म्हणे, "काहून उठवता? झोप येऊन राहिली ना मला." दुपारी जेवताना घास हातातच राही आणि मान खाली जाई. थंडीचे दिवस असूनही तिच्या कपाळावर घाम डवरलेला असे. देवासाठी हार ओवायला बसली की बोटे कापत आणि फुले मांडीवर सांडत. बसल्या बसल्या तिचा पाय एकदम झटका देई, जणू कोणी टाचणी टोचली. आणि इतके सगळे होऊन कंबर होती तशीच दुखत होती. म्हणून मी दुपारची गोळी रोजची केली. पुढे पहाटेही एक देऊ लागलो. दुखणे कमी होत नाही तर औषध कमी पडते, इतका सरळ माझा तर्क.

मग ही सुस्ती कुठून येते? माझ्या हातून जाते ते तर डॉक्टरांचे, नाम घेऊन दिलेले. त्यात दोष असणे मला संभवत नव्हते. उरले ते एकच, दिवेलागणीला सून आणून देई ते हळदीचे दूध.

एकदा हा विचार मनात शिरला आणि त्याला जागोजाग पुरावे मिळू लागले. दूध तापवताना सून स्वयंपाकघराचे दार लोटून घेई. पूर्वी घेत होती का, आठवेना. पेला पत्नीच्या हाती दिल्यावर ती निघून जात नसे, रिकामा होईपर्यंत तिथेच उभी राही. मी खोलीत आलो की दोघींचे बोलणे थांबे. पत्नी कामात असताना सुनेला दिवसातून दहा वेळा टोके, मीठ जास्त, पोळी जाड. आता ती झोपलेली असे आणि घर शांत असे. ही शांतता कोणाला हवी असेल, असे मी स्वतःला विचारले आणि उत्तर मला आधीच ठाऊक होते.

एका संध्याकाळी मी पेला मधेच अडवला.

"आज मी घेतो अर्धे," मी म्हणालो.

सुनेने माझ्याकडे पाहिले. "आपके लिए अलग बना देती हूँ, बाबूजी. हे मम्मीजींचं आहे."

"यातलेच दे."

"यात सोंठ आहे. तुम्हाला चालत नाही."

"तू दे तर."

तिने दिले. मी प्यालो. मला काहीही झाले नाही, उलट रात्रभर झोप लागली नाही. ज्याला संशयच पोसायचा असतो त्याला असा निकाल अडवत नाही. मी मनाशी म्हणालो, आज मी मागेन हे तिने ओळखले असणार. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यावर पाळत ठेवू लागलो. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की तीही माझ्याकडे पाहत असते. मी चौफुला उघडला की ती काहीतरी निमित्त काढून देवघराच्या दाराशी येई. एकदा मी तिला केराच्या टोपलीत हात घालताना पाहिले.

"काय शोधून राहिलीस?"

"काही नाही, बाबूजी. चम्मच गिर गया था."

टोपलीत चमचा नव्हता. ती गेल्यावर मी पाहिले.

पौषातली एक सकाळ. साडेआठचे ऊन अंगणात आले होते. सुनेने पत्नीला अंगणालगतच्या फरशीवर खुर्चीत आणून बसवले होते आणि मागे उभी राहून ती तिची वेणी घालत होती. मी देवघरात होतो. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काहीतरी जड पडल्याचा. मी हातात तीर्थाची पळी घेऊन तसाच बाहेर आलो.

पत्नी फरशीवर कुशीला होती. तिचे अंग ताठ झाले होते, डोळे वर गेले होते, हातपाय झटके देत होते, तोंडाशी फेस होता. सून गुडघ्यांवर बसलेली, तिचा एक हात पत्नीच्या डोक्याखाली आणि दुसरा खांद्यावर. त्या क्षणी मला दिसले ते असे की ती तिला दाबून धरते आहे.

"सोड तिला," मी म्हणालो.

"बाबूजी, दूर रहिए."

मी खाली बसलो आणि पळीतले तीर्थ पत्नीच्या ओठांकडे नेले. शेवटचा क्षण असेल तर तो कोरडा जाऊ नये, याहून दुसरा विचार माझ्या मनात नव्हता. सुनेने माझ्या हातावर फटका मारला. पळी अंगणात जाऊन पडली आणि तीर्थ मातीत गेले.

"मुँह में कुछ नहीं डालना," ती म्हणाली. "श्वास अडकेल. माझ्या भावाला मिरगी होती, मी पाहिलं आहे. तुम्ही घड्याळ बघा. किती मिनिटं चालतं ते बघा."

अकरा वर्षांत तिने मला आज्ञा केली ती ही एकच. मी घड्याळ पाहिले, पण मनात म्हणत होतो की तीर्थसुद्धा जाऊ देत नाही, म्हणजे आता शंका उरली नाही. झटके दोन मिनिटांच्या आत थांबले. पत्नी मात्र शुद्धीवर आली नाही. घोरल्यासारखा संथ श्वास चालू होता आणि दोन श्वासांतले अंतर मला फार मोठे वाटत होते. मुलाचा फोन कारखान्याच्या फाटकावर जमा असतो. सुनेने फाटकावर निरोप ठेवला, गाडी बोलावली आणि आम्ही रुग्णालयात पोहोचलो.

तिथे एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी साखर तपासली, नाकाशी प्राणवायू लावला, बोटाला यंत्र अडकवले आणि आम्हा दोघांकडे वळल्या.

"पहले कभी दौरा आया है?"

"नाही."

"कौन सी दवाइयाँ चल रही हैं? सब बताइए."

मी हाडांच्या डॉक्टरांची पिशवी पुढे केली. दुसऱ्या दोन पिशव्या घरीच होत्या, आणि त्या आणायच्या असतात हे माझ्या मनातही आले नव्हते.

"बस यही?"

"हो," मी म्हणालो. मग त्यांना थोडे बाजूला घेतले आणि आवाज खाली आणून सांगितले, "घरात तिला रोज दूध देतात. त्यात काय असते ते तपासता येईल का?"

मी पुरेसा हळू बोललो असे मला वाटले होते. सुनेने ऐकले. पदराच्या टोकाची गाठ सोडून तिने एक प्लास्टिकची पुडी काढली आणि डॉक्टरिणींच्या टेबलावर ठेवली. पुडीत फाटलेले पत्रे होते, गोळ्यांच्या पाकिटांचे.

"डॉक्टर जी, हे मी केरातून काढले आहेत. बाबूजी डिब्बे में से देते हैं, कोणती गोळी कशाची ते कोणाला सांगत नाहीत. मला वाचून काही समजलं नाही. पण ही तीन वेगळी नावं आहेत आणि चिठ्ठीवर एकच आहे."

डॉक्टरिणींनी पत्रे उलटेसुलटे करून वाचले. एक बोट एका पत्र्यावर ठेवून त्या मला म्हणाल्या, "ये पैरोक्सेटीन कौन लेता है?"

भिंतीपलीकडे माझी पत्नी श्वास मोजून घेत होती, आणि मी दोन वर्षे झाकलेल्या एका नावाची अब्रू राखत उभा होतो.

"दादाजी, मुझे अभी जानना है. इलाज उसी पर है."

"तीच घेते," मी म्हणालो. "दोन वर्षांपासून. मनाच्या डॉक्टरांची आहे." मग बाकीचेही सांगितले: झोपेची गोळी, दहा दिवसांची म्हणून दिलेली, महिना होत आला, आणि दुखण्याच्या गोळ्या, लिहिलेल्या तीन, देत होतो चार.

त्यांनी लगेच भराभर सूचना दिल्या. पुढचे तास त्या पुन्हा पुन्हा येऊन पत्नीचा श्वास, ताप, हातापायांचा ताठरपणा पाहत राहिल्या. डोक्याचे छायाचित्रही काढले, त्यात इजा निघाली नाही. दुपारनंतर धोका थोडा सरला तेव्हा त्यांनी मला समोर बसवून समजावले. त्यांचे हिंदी सोपे होते, आणि मी ते इथे माझ्या भाषेत मांडतो.

ट्रॅमाडॉल ही केवळ दुखणे मारणारी गोळी नाही. अफूच्या जातीच्या औषधांप्रमाणे ती गुंगी आणते आणि श्वास मंदावते. त्याखेरीज मेंदूत जी रसायने उदासीवरची गोळी वाढवते, तीच हीसुद्धा वाढवते. दोन्ही एकत्र आल्या की घाम, कंप, अंगाला झटके दिसू लागतात, आणि झटका येण्याची मेंदूची मर्यादा खाली उतरते. पॅरॉक्सेटीन आणखी एक काम करते. ट्रॅमाडॉलपासून यकृतात दुखणे शमवणारे खरे द्रव्य तयार होते, ते ती अडवते. म्हणून कंबर दुखायची थांबत नव्हती. मी गोळी वाढवत गेलो आणि मूळ औषध रक्तात साचत गेले. या दोहोंवर झोपेची गोळी, म्हणजे गुंगीवर गुंगी. तिच्या वयाला तर हे फारच.

"तीनों डॉक्टर ने अपनी जगह ठीक दिया था," त्या म्हणाल्या. "पर किसी को दूसरे का पता नहीं था. उन्होंने पूछा नहीं था क्या?"

"विचारले होते," मी म्हणालो.

त्यांनी कागद ओढून पुढचे लिहायला घेतले. ट्रॅमाडॉल बंद, झोपेची गोळी थांबवलेली, आणि दोन्हींचा परिणाम उतरताना काय होते यावर त्यांची नजर. पॅरॉक्सेटीनचा प्रश्न मात्र वेगळा होता. मी उत्साहाने म्हणालो की तीही आजपासून देणार नाही, तेव्हा त्यांनी मला अडवले. ती एकाएकी तोडली तर त्याचाही त्रास होतो, तिचे काय करायचे ते आम्ही आणि मनाचे डॉक्टर बोलून ठरवू, तुम्ही स्वतः काही ठरवू नका. हे शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा म्हटले.

बाहेरच्या बाकावर सून बसली होती. फाटकावरचा निरोप मुलाला फार उशिरा मिळाला होता, तो अजून वाटेत होता. मी तिच्याजवळ बसलो. क्षमेची वाक्ये मला संस्कृतात पुष्कळ येतात. त्यांतले एकही उपयोगाचे नव्हते.

"दुधाबद्दल मी जे बोललो," मी सुरुवात केली.

"ऐकलं मी."

"तीन आठवडे माझ्या मनात तेच होते."

"माहीत आहे. त्या दिवशी अर्धा पेला मागून प्याले तुम्ही. मी काय इतकी भोळी आहे?" ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती. "मी पण तेच समजून राहिली होती. मला वाटलं, मम्मीजी रात्री कळवळतात, मावशींसाठी रडतात, म्हणून तुम्हीच त्यांना झोपवून ठेवता. शांती पाहिजे तुम्हाला, पूजापाठ करायला."

आपण ज्या आरोपाची माळ दुसऱ्यासाठी ओवीत होतो, ती आपल्या मापाची निघावी.

"नवऱ्याला सांगितलेस?"

"सांगितलं ना. म्हणाले, बाबांवर शक? पागल हो क्या. म्हणून मग पत्रे जमवले. बिना सबूत के कौन मानता." मग थोडे थांबून म्हणाली, "दार मी लोटत होती कारण मांजर येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नी नीट शुद्धीवर आली. तिला अंगणातले काहीही आठवत नव्हते. जीभ दाताखाली सापडली होती, म्हणून बोलणे जड होते. मुलाने तिला घडले ते सांगितले, दुधाचे आणि पत्र्यांचेही, कारण तो काही लपवून बोलायला शिकलेला नाही. ती डोळे मिटून ऐकत होती. ती पुन्हा झोपली असे मला वाटले.

"म्हणजे तुम्ही दोघं माझ्यावर पहारा देऊन राहिले होते," ती म्हणाली. "आणि गोळी कशाची, मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारले नाहीस," मी म्हणालो.

"तुळशीचं पान ठेवून हातावर द्यायचे तुम्ही. प्रसाद कशाचा आहे, असं कोणी विचारते का?"

पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो. डॉक्टरिणींनी एकाच कागदावर सर्व लिहून दिले होते: दुखण्यासाठी साधे पॅरासिटामॉल, शेक, पट्टा, झोपेचे औषध नाही, पॅरॉक्सेटीन मनाच्या डॉक्टरांशी बोलून तूर्त पूर्वीइतकीच, आणि खाली मोठ्या अक्षरांत, ट्रॅमाडॉल पुन्हा द्यायचे नाही, हा कागद प्रत्येक डॉक्टरांना दाखवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून पाणी आणि पाकीट घेऊन आली. तिने पाकिटावरचे नाव कागदाशी ताडून पाहिले आणि पाकीट मग माझ्यापुढे धरले.

"बाबूजी, तुम्ही पण वाचा."

"तू वाचलेस ना. मला विश्वास आहे."

"विश्वास राहू द्या. वाचा."

मी चष्मा लावून वाचले. पत्नी आमच्याकडे पाहत होती. तिने हात पुढे केला, आणि मग सुनेकडे वळून म्हणाली, "ही उदासीची आहे. बहीण गेली तेव्हापासून घेते मी."

"मला काहून नाही सांगितलं मम्मीजी?"

"यांना विचार."

सुनेने पाकीट हातात धरून माझ्याकडे पाहिले.

"मला लाज वाटत होती," मी म्हणालो.

पत्नीने हात तसाच पुढे ठेवला होता. सुनेने पाकिटाचा पत्रा फाडला, गोळी तिच्या तळव्यावर ठेवली आणि पेला दुसऱ्या हातात दिला.